पेप्टाइड क्रीमच्या लेबलावरचे आकडे

चाळिशी ओलांडताना डोळ्यांच्या कडेला आणि कपाळावर बारीक रेषा स्थिरावू लागतात, त्वचेचा ताण किंचित सैल होतो, आणि याच वयातील ग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून औषधांच्या दुकानांतील व ऑनलाइन बाजारातील ‘अँटी-एजिंग’ उत्पादनांचा मोठा भाग तयार झालेला असतो. त्यांपैकी अनेकांच्या खोक्यावर गेल्या काही वर्षांत ‘पेप्टाइड’ हा शब्द ठळकपणे छापलेला दिसतो, मग त्या उत्पादनाची किंमत चारशे रुपये असो वा चार हजार. किमतीत दहापट अंतर आणि नाव मात्र एकच, अशा स्थितीत महाग बाटलीत अधिक किंवा अधिक चांगले पेप्टाइड असणार, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु लेबलावरचा मजकूर तपासला, तर त्या समजाला पुरेसा आधार मिळत नाही. पेप्टाइड कोणते, त्याचे प्रत्यक्ष प्रमाण किती, त्याची परीक्षा कशाच्या तुलनेत झाली आणि ते लावण्याचा महिन्याचा खर्च किती, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय अशा दोन उत्पादनांची तुलना होऊच शकत नाही. हे चारही प्रश्न एकाच, सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या पेप्टाइडाच्या आधारे समजून घेता येतात.

पाच दुव्यांची साखळी

शरीरातील प्रथिने अमिनो आम्ले नावाच्या छोट्या रेणूंच्या लांब साखळ्यांनी बनलेली असतात, आणि अशा साखळीचा दोन-चार ते काही डझन दुव्यांचा छोटा तुकडा म्हणजे पेप्टाइड. त्वचेच्या वरच्या थराला बाह्यत्वचा आणि खालच्या जाड थराला अंतस्त्वचा म्हणतात; अंतस्त्वचेचा मुख्य घटक असलेले कोलॅजन हे प्रथिन त्वचेला बळकटी देते. ते तयार करणाऱ्या पेशींना तंतुजनक पेशी म्हणतात. वयाबरोबर या पेशींचे काम मंदावते, सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे असलेले कोलॅजन तुटत जाते, आणि स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्याने ही घट अधिक वेगाने होते.

कोलॅजन निर्माण होऊन पेशीबाहेर पडत असताना त्याच्या साखळीच्या टोकाचा काही भाग छाटला जातो. अमेरिकेतील टेनेसी येथील संशोधकांनी १९९३ साली असे दाखवले की, या छाटलेल्या भागातील पाच अमिनो आम्लांचा एक तुकडा काचपात्रात वाढवलेल्या तंतुजनक पेशींना दिला असता त्या पेशी अधिक कोलॅजन तयार करू लागतात. लायसिन, थ्रिओनिन, थ्रिओनिन, लायसिन आणि सेरिन अशा क्रमाचा हा तुकडा म्हणजे पेशींसाठी एक प्रकारचा संकेत होता, आणि सौंदर्यप्रसाधनांच्या क्षेत्रात ‘संकेत देणारी पेप्टाइडे’ असा जो वर्ग पुढे रूढ झाला त्याचे हे सर्वांत परिचित उदाहरण ठरले.

काचपात्रातील पेशीवर पेप्टाइड थेट ओतता येते. चेहऱ्यावर लावलेल्या क्रीममधील पेप्टाइडाला मात्र त्याआधी बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थांचा बनलेला शृंगस्तर ओलांडावा लागतो. हा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासच जाड असला, तरी बाहेरचे पदार्थ आत येऊ न देणे हेच त्याचे काम आहे. ज्या रेणूचे वजन सुमारे ५०० डाल्टनपेक्षा अधिक, तो निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाही, असा एक ढोबळ नियम त्वचाशास्त्रात मानला जातो. डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक आहे. पाच दुव्यांच्या या पेप्टाइडाचे वजन सुमारे ५६३ डाल्टन भरते, शिवाय ते पाण्यात विरघळणारे असल्याने स्निग्ध थरात शिरायला नाखूश असते. यावर उपाय म्हणून त्याला पामिटिक आम्ल या मेदाम्लाची शेपटी जोडण्यात आली. त्यामुळे त्याचे वजन सुमारे ८०० डाल्टनपर्यंत वाढले, पण स्निग्ध पदार्थांशी त्याची जवळीक निर्माण झाली. उंदराच्या त्वचेवर केलेल्या तुलनात्मक प्रयोगात शेपटी नसलेले पेप्टाइड आत आढळले नाही, तर शेपटी असलेले मुख्यतः वरच्या थरांत आणि थोड्या प्रमाणात अंतस्त्वचेतही आढळले. घटकांच्या यादीत त्याचे नाव ‘पामिटॉईल पेंटापेप्टाइड-४’ असे असते (जुन्या लेबलांवर शेवटी ३ हा आकडा दिसे), आणि सेडर्मा या फ्रेंच कंपनीने ते ‘मॅट्रिक्सिल’ या व्यापारी नावाने बाजारात आणले.

चेहऱ्याच्या दोन बाजू

या पेप्टाइडाची माणसांवरील परीक्षा २००५ साली प्रसिद्ध झाली. ३५ ते ५५ वयाच्या ९३ गोऱ्या वर्णाच्या स्त्रियांनी बारा आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला पेप्टाइड असलेले मॉइश्चरायझर आणि दुसऱ्या बाजूला तेच, पण पेप्टाइड नसलेले मॉइश्चरायझर लावले. कोणत्या बाजूला काय आहे, हे ना त्या स्त्रियांना ठाऊक होते ना परीक्षकांना. अशा रचनेला दुहेरी अंध चाचणी म्हणतात. बारा आठवड्यांनंतर छायाचित्रांच्या यांत्रिक मोजणीत आणि प्रशिक्षित परीक्षकांच्या नजरेतही पेप्टाइडाच्या बाजूच्या सुरकुत्या व बारीक रेषा तुलनेने कमी झालेल्या आढळल्या.

या अभ्यासाचे बळ त्याच्या तुलनेत आहे. कोणतेही चांगले मॉइश्चरायझर लावल्यावर शृंगस्तर पाणी शोषून थोडा फुगतो आणि कोरडेपणामुळे दिसणाऱ्या बारीक रेषा काही तासांत पुसट होतात. त्यामुळे ‘क्रीम लावण्यापूर्वी’ आणि ‘क्रीम लावल्यानंतर’ अशी साधी तुलना केली, तर कोणतेही क्रीम यशस्वी ठरू शकते, त्यात पेप्टाइड असो वा नसो. एकाच चेहऱ्यावर तेच क्रीम पेप्टाइडासह आणि पेप्टाइडाशिवाय लावले, तरच उरलेला फरक पेप्टाइडाच्या नावावर मांडता येतो.

या अभ्यासाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. तो असे मॉइश्चरायझर विकणाऱ्या उद्योगातील एका मोठ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी केला होता. याचा अर्थ तो खोटा ठरतो असे नाही, परंतु स्वतंत्र संशोधकांनी मोठ्या संख्येवर तो पुन्हा केला असता तर विश्वास अधिक दृढ झाला असता. आढळलेला फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या खरा असला तरी माफक होता, आणि संख्याशास्त्रात ‘लक्षणीय’ म्हणजे केवळ योगायोगाने आलेला नसावा इतकेच. आरशात सहज दिसेल असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय सहभागी स्त्रिया गोऱ्या वर्णाच्या होत्या, आणि भारतीय त्वचेत वयाच्या खुणा बहुधा वेगळ्या क्रमाने दिसतात, हा मुद्दा पुढे पाहावा लागेल.

सर्व पेप्टाइडांमागे इतकाही पुरावा नाही. अनेक उत्पादनांत आढळणारे ‘अॅसिटिल हेक्झापेप्टाइड-८’, ज्याचे व्यापारी नाव आर्जिरेलिन आहे, ते स्नायूला आकुंचनाचा संदेश देणाऱ्या यंत्रणेतील एका प्रथिनाची नक्कल करते, आणि त्यावरूनच त्याला ‘बोटॉक्ससारखे’ म्हणून विकले जाते. परंतु बोटॉक्स सुईने थेट स्नायूत सोडले जाते, तर या पेप्टाइडाला शृंगस्तर, बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा ओलांडून त्यांच्याही खालील स्नायूंपर्यंत पोहोचावे लागेल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगशाळेतील अभ्यासात त्वचेवर लावलेल्या या पेप्टाइडाचा बहुतांश भाग पृष्ठभागावरून धुऊन निघाला, एक टक्क्याहूनही कमी भाग शृंगस्तरात राहिला आणि अंतस्त्वचेत ते आढळलेच नाही. म्हणून खोक्यावर केवळ ‘पेप्टाइड’ किंवा ‘पेप्टाइड कॉम्प्लेक्स’ असे लिहिलेले असेल, तर ती माहिती अपुरी समजावी आणि घटकांच्या यादीत पूर्ण नाव शोधावे.

‘१० टक्के’ म्हणजे नेमके किती

नाव कळल्यानंतरचा प्रश्न प्रमाणाचा, आणि ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल येथेच होते. २००५ च्या चाचणीतील मॉइश्चरायझरमध्ये पेप्टाइडाचे प्रमाण दहा लाख भागांत तीन भाग, म्हणजे ०.०००३ टक्के होते. या पार्श्वभूमीवर एखाद्या सीरमच्या बाटलीवर ‘१० टक्के पेप्टाइड’ असे वाचले, की तिच्यात चाचणीच्या हजारो पट औषध असावे असे वाटते. प्रत्यक्षात उत्पादक शुद्ध पेप्टाइड सहसा विकत घेत नाहीत. पाणी, ग्लिसरिन आणि ब्युटिलीन ग्लायकोल यांच्यात विरघळवलेले तयार द्रावण घेतात. मॅट्रिक्सिलच्या मूळ द्रावणात शुद्ध पेप्टाइड दहा लाख भागांत सुमारे शंभर भाग, म्हणजे ०.०१ टक्का असते. बाटलीवरचे ‘१० टक्के’ बहुधा या द्रावणाचे असतात, पेप्टाइडाचे नव्हेत.

तीस मिलिलिटरच्या सीरमचा हिशेब मांडला म्हणजे हे स्पष्ट होते. सीरमचे वजन सोयीसाठी तीस ग्रॅम धरले, तर त्याच्या दहा टक्के म्हणजे तीन ग्रॅम द्रावण झाले. त्या तीन ग्रॅममध्ये ०.०१ टक्का, म्हणजे ०.३ मिलिग्रॅम शुद्ध पेप्टाइड असते. संपूर्ण बाटलीतील पेप्टाइड एवढेच. उरलेली बाटली पाणी, ग्लिसरिन, घट्टपणा देणारे पदार्थ आणि परिरक्षक यांनी भरलेली असते. चाचणीतील प्रमाणाने तीस ग्रॅम क्रीम बनवले असते, तर त्यात ०.०९ मिलिग्रॅम पेप्टाइड आले असते. म्हणजे ‘१० टक्के’ सीरममध्ये चाचणीच्या सुमारे तिप्पट पेप्टाइड आहे. हजारो पट नाही, पण अपुरेही नाही.

या हिशेबातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मोठा आकडा पाहून अधिक पैसे देण्याचे कारण उरत नाही, कारण तिप्पट पेप्टाइडाने परिणामही तिप्पट होतो असे त्या चाचणीने दाखवलेले नाही. ‘१० टक्के’ आणि ‘२० टक्के’ यांतील स्पर्धा ही द्रावणाच्या आकड्यांची स्पर्धा आहे. दुसरा निष्कर्ष याच्या उलट दिशेचा आहे: प्रमाण अत्यल्प आहे म्हणून उत्पादन फसवे, असेही म्हणता येत नाही, कारण हा घटक अत्यल्प प्रमाणातच तपासला गेला आहे.

घटकांच्या यादीकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. भारतातील सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, परंतु एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा असते. या मुभेमुळे दहा लाखांत तीन भाग असलेले पेप्टाइड एक टक्क्याच्या रेषेखाली सर्वांत वर लिहिता येते आणि यादीच्या मध्यावर आल्याने ते भरपूर असल्याचा भास होतो. तेच पेप्टाइड दुसऱ्या उत्पादनात सुगंधी द्रव्याच्याही नंतर आलेले असू शकते आणि तरीही प्रमाण तेवढेच असू शकते. ही रेषा साधारण कोठे पडते, हे ओळखण्यासाठी फेनॉक्सिइथेनॉल या परिरक्षकाचे नाव शोधण्याची पद्धत उपयोगी आहे, कारण ते एक टक्क्याहून अधिक वापरले जात नाही. त्याच्या नंतर आलेली सर्व नावे एक टक्का किंवा त्याहून कमी प्रमाणातील असतात. नायसिनामाइड किंवा ग्लिसरिनसारखे जे घटक काही टक्के असल्याशिवाय उपयोगी पडत नाहीत, त्यांच्या बाबतीत ही रेषा निर्णायक ठरते आणि ते तिच्या खाली असतील तर ते नावापुरतेच समजावेत. पेप्टाइडाच्या बाबतीत मात्र यादीतील स्थानावरून अनुकूल किंवा प्रतिकूल असा कोणताच निर्णय देता येत नाही.

दाव्यांची भाषा

जाहिरातीतील वाक्ये जपून घडवलेली असतात आणि त्यामागे कायदा आहे. भारताच्या १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमानुसार स्वच्छता करणारे, सौंदर्य वाढवणारे किंवा रूप बदलणारे ते प्रसाधन ठरते. शरीराच्या रचनेत वा कार्यात बदल घडवण्याचा दावा केला, की तो पदार्थ औषधाच्या कक्षेत जाऊ लागतो आणि औषधाला मंजुरी व पुरावा लागतो. म्हणूनच ‘सुरकुत्या घालवते’ असे न लिहिता ‘सुरकुत्या कमी दिसतात’ असे लिहिले जाते. दोन्ही वाक्यांतील अंतर ग्राहकाच्या लक्षात येत नाही, परंतु उत्पादक दुसऱ्या वाक्यातून इतकेच आश्वासन देतो की रेषा तात्पुरत्या पुसट दिसतील, आणि ते आश्वासन साधे मॉइश्चरायझरही पाळते.

‘सुरकुत्यांत ३० टक्क्यांपर्यंत घट’ या वाक्यातील ‘पर्यंत’ हा शब्द सर्वांत चांगला परिणाम मिळालेल्या एखाद्या व्यक्तीचा आकडा सर्वांच्या नावावर घालतो. सरासरी किती होती, हे त्यातून कळत नाही. ‘९० टक्के महिलांना त्वचा अधिक घट्ट वाटली’ हे वाक्य मोजमापाचे नसून मताचे आहे, आणि उत्पादन फुकट मिळालेल्या, त्याचा हेतू ठाऊक असलेल्या थोड्या महिलांना तुलनेचे दुसरे क्रीम न देता विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सहसा अनुकूलच येते. ‘क्लिनिकली प्रूव्हन’ या शब्दांमागील चाचणी पुष्कळदा विकल्या जाणाऱ्या उत्पादनाची नसते. घटकाच्या पुरवठादाराने स्वतःच्या द्रावणावर केलेली असते, आणि तेच प्रमाण या बाटलीत आहे की नाही हे लेबल सांगत नाही. ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ म्हणजे बहुतेक वेळा ते लावल्याने त्वचा लाल होत नाही इतकेच तपासलेले असते. अशा दाव्यांना अधूनमधून अटकावही होतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ साली लॉरिआल यूएसए या कंपनीच्या काही प्रसाधनांच्या ‘जनुकांची क्रिया वाढवून सात दिवसांत त्वचा तरुण दिसते’ अशा अर्थाच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला आणि पुरेशा पुराव्याशिवाय असे दावे न करण्याचे कंपनीला तडजोडीत मान्य करावे लागले. तो आक्षेप पेप्टाइडावर नव्हता, परंतु दाव्याची धाटणी तीच होती.

म्हणून कोणत्याही दाव्याला तीन उपप्रश्न लावावेत: मोजले कोणी, तुलना कशाशी केली आणि किती आठवड्यांनी. तुलना पेप्टाइडाशिवायच्या त्याच क्रीमशी नसेल किंवा कालावधी सात-आठ दिवसांचा असेल, तर तो दावा ओलाव्याचा आहे, कोलॅजनचा नाही. कारण नवे कोलॅजन तयार होऊन ते दृष्टीस पडण्यास आठवडे नव्हे, महिने लागतात.

किमतीचा हिशेब

किंमत तपासताना बाटलीची छापील किंमत न पाहता बारा आठवड्यांचा खर्च पाहावा, कारण परिणाम तपासण्याचा किमान काळ तोच आहे. कल्पित उदाहरण घ्यायचे, तर एका दुकानात तीस मिलिलिटरचे ‘१० टक्के पेप्टाइड’ सीरम १,८०० रुपयांना आणि पन्नास ग्रॅमचे पामिटॉईल पेंटापेप्टाइड-४ असलेले क्रीम ६५० रुपयांना आहे. पहिल्याचा दर मिलिलिटरला ६० रुपये, दुसऱ्याचा ग्रॅमला १३ रुपये. चेहऱ्याला सकाळी आणि रात्री प्रत्येकी अर्धा ग्रॅम लावले, तर दिवसाला एक ग्रॅम आणि बारा आठवड्यांत ८४ ग्रॅम लागतात. म्हणजे सीरमच्या तीन बाटल्या, ५,४०० रुपये, आणि क्रीमच्या दोन डब्या, १,३०० रुपये. शिवाय पाणीदार सीरम लावल्यानंतर बहुतेकांना वरून मॉइश्चरायझर लावावेच लागते, तर क्रीम ते काम स्वतः करते. या दोहोंत पेप्टाइडाचे प्रमाण वेगळे असले, तरी त्यामुळे परिणामात किती फरक पडतो हे लेबलावरून ठरवता येत नाही. ग्राहक ४,१०० रुपये जास्त देतो ते पोत, सुगंध, बाटली आणि नाव यांसाठी देतो. ज्याला तो पोत आवडतो त्याने ते जाणीवपूर्वक द्यावेत. परंतु तो अधिक कोलॅजनचा मोबदला आहे असे समजून देऊ नयेत.

किमतीपेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी खोक्यावर दिसतात. पहिली म्हणजे साठवण: पेप्टाइडे पाण्यात विरघळलेल्या स्थितीत हळूहळू तुटू शकतात, त्यामुळे बोट बुडवाव्या लागणाऱ्या रुंद तोंडाच्या डबीपेक्षा पंपाची बाटली किंवा ट्यूब बरी, आणि वापरण्याची मुदत जवळ आल्याने सवलतीत विकले जाणारे सीरम घेऊ नये. दुसरी म्हणजे सुगंधी द्रव्ये: चाळिशीनंतर अनेकांची त्वचा अधिक कोरडी होते आणि सुगंधाने चुरचुरण्याची शक्यता वाढते, म्हणून सुगंधरहित उत्पादनाला प्राधान्य द्यावे.

पेप्टाइडाच्या आधी काय

मर्यादित पैशांत त्वचेचे वार्धक्य लांबवायचे असेल, तर पुराव्याच्या क्रमाने खर्च करणे शहाणपणाचे, आणि त्या क्रमात पेप्टाइड पहिले नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यातील नॅम्बोर या गावात नव्वदच्या दशकात ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या चाचणीत एका गटाला रोज सनस्क्रीन लावण्यास सांगितले होते आणि दुसऱ्या गटाने ते स्वतःच्या इच्छेने लावले. हातांच्या पाठीवरील त्वचेचे साचे घेऊन तपासल्यावर रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेचे वार्धक्य दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. इतका दीर्घ आणि इतक्या लोकांवरचा पुरावा कोणत्याही पेप्टाइडामागे नाही.

दुसरा क्रमांक ट्रेटिनॉइन या अ-जीवनसत्त्वाच्या वर्गातील औषधाचा. ०.०५ टक्के ट्रेटिनॉइनच्या क्रीमला अमेरिकेत १९९५ साली बारीक सुरकुत्यांवरील औषध म्हणून मंजुरी मिळाली, म्हणजे प्रसाधनाला द्यावा लागत नाही असा पुरावा त्याने दिला. मात्र त्याने त्वचा सोलवटते, लाल होते आणि उन्हाला अधिक हळवी होते, गर्भारपणात ते वापरू नये, आणि त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच ते सुरू करावे. प्रसाधनांत मिळणारे रेटिनॉल हे त्याचे सौम्य भावंड आहे. ज्यांच्या त्वचेला ही दोन्ही सोसत नाहीत, त्यांच्यासाठी पेप्टाइडाला खरे स्थान आहे, कारण ते जवळजवळ कोणालाही त्रास देत नाही आणि त्याच्या सौम्य परिणामाला निदान एका चांगल्या चाचणीचा आधार आहे.

भारतीय वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक असल्याने ती सुरकुत्यांपासून काही वर्षे अधिक वाचते, परंतु तिच्यात वांग, काळसर डाग आणि असमान वर्ण आधी आणि ठळकपणे दिसतात. चाळिशीतील अनेक स्त्री-पुरुषांना आरशात जे म्हातारपण जाणवते ते प्रत्यक्षात रेषांचे नसून डागांचे असते, आणि सुरकुत्यांसाठी तपासलेल्या पेप्टाइडाकडून डाग जाण्याची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. वांगावर दृश्य प्रकाशाचाही परिणाम होत असल्याने लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे टिंटेड सनस्क्रीन त्यासाठी अधिक उपयोगी पडते. लेबल वाचण्यापूर्वी आपली तक्रार रेषांची आहे की डागांची, हे ठरवले तर निम्मी खरेदी आपोआप टळते.

स्वतःच्या चेहऱ्यावरची परीक्षा

सनस्क्रीन नियमित लावूनही पेप्टाइड क्रीम घ्यावेसे वाटले, तर त्याचा निर्णय जाहिरातीवर सोडण्याची गरज नाही. २००५ च्या चाचणीची रचना घरी बऱ्याच अंशी उतरवता येते. चेहऱ्याच्या एका बाजूला पेप्टाइड क्रीम आणि दुसऱ्या बाजूला साधे, सुगंधरहित मॉइश्चरायझर बारा आठवडे लावावे, सनस्क्रीन दोन्ही बाजूंना सारखेच ठेवावे आणि मध्येच दुसरे नवे उत्पादन सुरू करू नये. दोन्ही क्रीमचा आधार एकच नसल्याने ही तुलना चाचणीइतकी काटेकोर नाही, पण खरेदीचा निर्णय घेण्याइतकी उपयोगी आहे. पहिल्या दिवशी आणि नंतर दर चार आठवड्यांनी, सकाळी चेहरा धुऊन अर्धा तास काहीही न लावता, त्याच खिडकीजवळ, त्याच अंतरावरून आणि हसू न आणता दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत; क्रीम लावल्यावर लगेच घेतलेले छायाचित्र केवळ ओलावा दाखवते, म्हणून ते गणतीत धरू नये.

बारा आठवड्यांनंतर पहिली आणि शेवटची छायाचित्रे घरातील अशा व्यक्तीला दाखवावीत, जिला कोणत्या बाजूला काय लावले हे सांगितलेले नाही. तिने पेप्टाइडाची बाजू न अडखळता ओळखली, तर ते क्रीम त्या त्वचेवर काम करते असे मानून चालू ठेवण्यास हरकत नाही. तिला फरक सांगता आला नाही, तर दोन्ही बाजूंना तेच साधे मॉइश्चरायझर लावावे आणि वाचलेले पैसे सनस्क्रीनवर खर्च करावेत, कारण त्या खर्चाचा परतावा साडेचार वर्षांच्या चाचणीत मोजला गेलेला आहे.